डाळिंबाची कॅमेऱ्याने प्रतवारी: धक्का योग्य फळालाच बसावा म्हणून

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागातली पॅकहाऊसं आणि सोलापुरातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी आता हे यंत्र स्वतः जुळवू लागले आहेत. बेल्टवरून डाळिंब जातं, कॅमेरा फोटो काढतो, संगणक 'चांगलं', 'डागी' की 'तडकलेलं' ते सांगतो आणि हवेच्या सिलिंडरवरचा पुशर खराब फळ बाजूच्या क्रेटमध्ये ढकलतो. बहुतेकांचं फोटो ओळखणारं मॉडेल ठीक चालतं. चुकतो तो धक्का. डागी फळ पुढे निघून जातं आणि मागचं चांगलं फळ क्रेटमध्ये पडतं. मग लोक आणखी फोटो गोळा करून मॉडेल पुन्हा शिकवत बसतात, आणि दोष होता तिथेच राहतो.

म्हणून खालचा क्रम बदलू नका. आधी बेल्ट आणि हवा, मग मोजणी, मग फोटो आणि मॉडेल सगळ्यात शेवटी.

उदाहरणासाठी एकच मांडणी घेतो. बेल्टचा वेग सेकंदाला २५० मिमी आहे. फळं ७० ते १०० मिमी व्यासाची, भगवा वाणाची. सेन्सरपासून कॅमेरा १५० मिमीवर आणि पुशर ६०० मिमीवर. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशेब असाच करायचा.

## तयारी: आधी दोन गोष्टी ठरवा

पहिली गोष्ट, ढकलायचं कोणाला? चांगल्या फळाला धक्का दिला तर साल दबते आणि डाग दोन दिवसांनी दिसतो. खराब फळ नाहीतरी दाणे काढायला किंवा रसाला जाणार, म्हणून धक्का त्यालाच द्यावा. पण यात एक धोका आहे. हवा गेली, तार सुटली किंवा संगणक अडकला, तर सगळी खराब फळं चांगल्या पेटीत जातील आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. त्यामुळे हवेच्या लाइनवर प्रेशर स्विच लावा आणि दाब ठरलेल्या मर्यादेखाली गेला की बेल्टची मोटर थांबेल अशी जोडणी करा. हा खर्च टाळू नका. संगणक अडकण्यावरचा उपाय टप्पा ७ मध्ये येईल.

दुसरी गोष्ट म्हणजे कामाची वाटणी. फोटो बघून निकाल देण्याचं काम रास्पबेरी पाय किंवा संगणकाकडे द्या. मोजणी आणि व्हॉल्व्ह उघडणं हे अर्डुइनोसारख्या मायक्रोकंट्रोलरकडे द्या. लिनक्स किंवा विंडोज एकाच वेळी दहा कामं करत असतात; नेमक्या क्षणी व्हॉल्व्ह उघडेल याची हमी त्यांच्याकडून मिळत नाही. `time.sleep(2.4)` लिहून पुशर चालवणारा प्रोग्रॅम टेबलावर छान चालतो आणि पॅकहाऊसमध्ये पहिल्याच तासात उघडा पडतो.

## टप्पा १: फळांमध्ये अंतर पाडा

चिकटून आलेल्या दोन फळांमधून एकालाच ढकलणं कोणत्याही पुशरला जमत नाही. अंतर पाडायचा सोपा मार्ग म्हणजे दोन बेल्ट. मागचा बेल्ट पुढच्याच्या एक तृतीयांश वेगाने चालवा. मागच्यावर ८० मिमीची फळं एकमेकांना टेकून आली, तर त्यांच्या मध्यांमधलं अंतर पुढच्या बेल्टवर २४० मिमी होतं. या हिशेबाने सेकंदाला साधारण एक फळ, म्हणजे तासाला साडेतीन हजारांच्या आसपास फळं जातात. सुरुवातीला याहून जास्तीच्या मागे लागू नका.

डाळिंब गोल असल्यामुळे बेल्ट बदलताना ते घरंगळतं. दोन बेल्टमधली पायरी शक्य तितकी कमी ठेवा, दोन्ही बाजूंनी फोम लावलेल्या मार्गदर्शक पट्ट्या द्या आणि सेन्सरच्या आधी किमान अर्धा मीटर मोकळा पट्टा ठेवा, म्हणजे फळ स्थिर होईल. सेन्सर ओलांडल्यावर फळ बेल्टवर हललं, तर पुढची सगळी गणितं फुकट जातात.

तपासा: बेल्टवर खडूने रेघ मारा, फळ बरोबर रेघेवर ठेवा आणि पुशरच्या जागेपर्यंत जाऊ द्या. फळ रेघेपासून १० मिमीपेक्षा जास्त सरकत असेल तर पुढच्या टप्प्याला हात लावू नका. वेग कमी करा किंवा खरखरीत पृष्ठभागाचा बेल्ट घ्या.

## टप्पा २: हवा आणि पुशर

इथे १६ मिमी बोअर आणि १०० मिमी स्ट्रोकचा डबल-अॅक्टिंग सिलिंडर पुरतो. २ बार दाबाला त्याचा जोर सुमारे ४० न्यूटन, म्हणजे चार किलो वजनाएवढा असतो. पाव किलोच्या फळाला तो भरपूर आहे. मोठा सिलिंडर घेऊन दाब वाढवला की फळ क्रेटमध्ये न पडता पलीकडच्या भिंतीवर आपटतं. दांड्याच्या टोकाला १२० मिमी रुंद पट्टी लावा आणि तिच्यावर जाड फोम बसवा. गोल दांड्यावर पट्टी फिरू नये म्हणून गाइड असलेला सिलिंडर घ्या, नाहीतर शेजारी आधाराची दुसरी सळई द्या.

व्हॉल्व्ह ५/२ प्रकारचा, २४ व्होल्ट डीसी कॉइलचा. बाजारातले बरेच व्हॉल्व्ह आतल्या हवेच्याच मदतीने सरकतात आणि त्यांना किमान दाब लागतो. तो लेबलवर लिहिलेला असतो, बहुधा दीड ते दोन बारच्या आसपास. धक्का हळू व्हावा म्हणून दाब त्याखाली नेला, तर व्हॉल्व्ह कधी सरकतो, कधी नाही. धक्क्याचा वेग दाबाने नाही, सिलिंडरच्या दोन्ही तोंडांवरच्या फ्लो कंट्रोलने लावा. बाहेर जाणारी हवा रोखणारा प्रकार घ्या, त्याने हालचाल एकसारखी राहते.

कॉइल मॉसफेटवरून चालवा आणि कॉइलवर उलटा डायोड लावायला विसरू नका. डायोड नसेल तर कॉइल बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका अर्डुइनोला रिसेट करतो. मोजणी शून्यावर जाते आणि वाटेत असलेली सगळी फळं हिशेबाबाहेर पडतात. 'अधूनमधून, कारण नसताना चुकतं' अशी तक्रार असेल तर आधी डायोड बघा.

पावसाळ्यात हवेत ओल असते, तेव्हा कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी काढा आणि फिल्टरचा वाडगाही रिकामा करा. पाणी व्हॉल्व्हमध्ये गेलं की धक्क्याला उशीर होऊ लागतो.

सावधान: चार किलोचा अचानक आलेला धक्का बोटाला पुरेसा आहे. अडकलेलं फळ काढण्याआधी हवा बंद करून साठलेली हवाही बाहेर सोडणारा हाताचा व्हॉल्व्ह फिरवायचा, हा नियम बेल्टवर काम करणाऱ्या प्रत्येक बाईला आणि गड्याला पहिल्याच दिवशी दाखवा. नुसतं विजेचं बटण बंद करणं पुरेसं नाही.

## टप्पा ३: धक्क्याला लागणारा उशीर मोजा

व्हॉल्व्हला संकेत दिल्यापासून फोम फळाला टेकेपर्यंत जो वेळ जातो, तो अंदाजाने धरायचा नाही. मोजायला महागडं उपकरण लागत नाही. व्हॉल्व्हच्या संकेताला समांतर एक छोटा एलईडी जोडा. एलईडी आणि पुशर दोन्ही दिसतील असा मोबाइल ठेवा आणि २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करा. एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. एलईडी पेटल्यापासून फोम टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजा. २९-३० फ्रेम आल्या तर उशीर १२० मिलिसेकंद झाला.

हे किमान वीस वेळा करा आणि सरासरीइतकंच लक्ष सगळ्यात लहान व सगळ्यात मोठ्या आकड्याकडे द्या. १०० ते १४० असा फरक असेल, तर सेकंदाला २५० मिमी वेगाने फळ त्या ४० मिलिसेकंदांत १० मिमी सरकतं. १२० मिमीच्या पट्टीला तेवढं चालतं. फरक त्याच्या दुप्पट असेल तर दाब स्थिर नाही, किंवा व्हॉल्व्हपासून सिलिंडरपर्यंतची नळी फार लांब आहे. बराच वेळ थांबलेल्या सिलिंडरचा पहिला धक्का हमखास उशिरा येतो, त्यामुळे रोज काम सुरू करताना चार-पाच रिकामे धक्के मारून घ्या.

पुशर परत यायला किती वेळ लागतो तेही याच चित्रणात बघा. मागच्या फळाची पुढची कड मध्यापासून ४० मिमी पुढे असते आणि पट्टी स्वतः मध्यापासून ६० मिमी मागे पसरलेली असते. २४० मधून हे १०० गेले की उरतात १४० मिमी, म्हणजे ०.५६ सेकंद. फोम टेकल्यापासून पट्टी पूर्ण मागे येईपर्यंतचा वेळ याच्या आत बसला पाहिजे. ०.४ सेकंदात झाला तर उत्तम.

## टप्पा ४: वेळ मोजू नका, बेल्ट मोजा

६०० मिमी अंतर, २५० चा वेग, म्हणजे २.४ सेकंदांनी धक्का, हा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण पट्ट्यावर फळं जास्त आली, व्होल्टेज खाली गेला, बेल्ट थोडा घसरला की वेग बदलतो. वेग पाच टक्के घटला तरी २.४ सेकंदांत फळ ३० मिमी मागे राहतं.

उपाय एन्कोडरचा. २०० मिमी परिघाचं चाक बेल्टला टेकवा आणि त्यावर एका फेरीला ४०० पल्स देणारा एन्कोडर बसवा. एक पल्स म्हणजे बेल्ट अर्धा मिमी सरकला. एन्कोडर मोटरच्या शाफ्टवर बसवू नका, कारण बेल्ट घसरला तर मोटरला ते कळत नाही. आता ६०० मिमी म्हणजे १२०० पल्स. बेल्ट हळू चालो, थांबो, पुन्हा सुरू होवो, फळ आणि पुशर यांच्यातल्या पल्स तेवढ्याच राहतात.

फळ ओळखायला बेल्टच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसणारा फोटो सेन्सर घ्या, बेल्टपासून साधारण ४० मिमी उंचीवर. परावर्तनावर चालणारा सेन्सर चकचकीत गोल सालीवर दगा देतो. किरण तुटला तेव्हाची पल्स आणि जुळला तेव्हाची पल्स नोंदवा. दोन्हींच्या मधली पल्स म्हणजे फळाचा मध्य. बरेच जण फक्त पुढची कड धरतात. मग ७० मिमीच्या आणि १०० मिमीच्या फळाच्या मध्यात १५ मिमीचा फरक पडतो आणि मोठी फळं मागे सुटतात.

डाळिंबाचा मुकुट आडवा आला तर किरण दोनदा तुटू शकतो आणि एकाच फळाची दोन फळं मोजली जातात. म्हणून १५ मिमीपेक्षा लहान फट आली तर ती एकाच फळातली धरा. १२० मिमीपेक्षा लांब अडथळा म्हणजे जोडफळ. त्याला 'संशयित' ठरवून पुशरच्या क्रेटमध्येच पाठवा, ते क्रेट नंतर हाताने तपासायचं असतं.

आता सगळ्यात जास्त चुकणारी जागा. बेल्टवरचं अंतर पल्समध्ये मोजलं, पण सिलिंडरचा उशीर पल्समध्ये स्थिर नसतो. तो वेळेत स्थिर असतो. १२० मिलिसेकंदांत बेल्ट सेकंदाला ५०० पल्सने चालत असेल तर ६० पल्स जातात, ४०० ने चालत असेल तर ४८. म्हणून आगाऊ सोडायच्या पल्स त्या क्षणीच्या वेगावरून काढाव्या लागतात:

```cpp
noInterrupts();
long n = pulses;
interrupts();
long lead = rate * DELAY_MS / 1000;
for (int i = 0; i < N; i++) {
  if (q[i].used && n >= q[i].center + D - lead) {
    if (q[i].verdict != 'G') firePusher();
    q[i].used = false;
  }
}
```

इथे `pulses` म्हणजे एन्कोडरची मोजणी, `q` म्हणजे वाटेतल्या फळांची यादी, `G` म्हणजे 'चांगलं' हा निकाल, `D` म्हणजे १२००, `rate` म्हणजे सेकंदाच्या पल्स आणि `DELAY_MS` म्हणजे तुम्ही मोजलेले १२०. `rate` हा `long` ठेवा. आठ बिटी अर्डुइनो ऊनोवर `int` ३२,७६७ च्या वर जात नाही आणि ५०० गुणिले १२० म्हणजे ६०,०००. `noInterrupts()` च्या दोन ओळी गाळू नका. आठ बिटी कंट्रोलर मोठी संख्या तुकड्यातुकड्यांनी वाचतो, मध्येच पल्स आली तर भलताच आकडा हाती येतो. `firePusher()` मध्ये `delay()` वापरू नका, नाहीतर धक्का चालू असताना पुढच्या फळाची नोंद राहून जाते.

तपासा: मॉडेल अजून जोडायचं नाही. प्रत्येक तिसऱ्या फळाला धक्का देणारा साधा प्रोग्रॅम लिहा. शंभर फळं सोडा, मग बेल्टचा वेग थोडा कमी करून पुन्हा शंभर. दोन्ही वेळा तिसरंच फळ आणि मध्यावरच धक्का, असं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: उजेड आणि कॅमेरा

सेकंदाला २५० मिमी वेगात १/५० सेकंदाच्या एक्स्पोजरला चित्र ५ मिमी फरफटतं, आणि तेल्या रोगाचा सुरुवातीचा डाग तेवढ्यात पुसून जातो. १/१००० सेकंदाला ही फरफट पाव मिमीवर येते. त्यासाठी उजेड भरपूर लागतो. डीसीवर चालणाऱ्या एलईडी पट्ट्या लावा. घरगुती बल्ब विजेबरोबर लुकलुकतात आणि इतक्या कमी एक्स्पोजरला एक फोटो उजळ, दुसरा काळपट येतो. पट्ट्यांपुढे दुधी अॅक्रिलिक लावा, नाहीतर सालीवरची चकाकी मॉडेलला डाग वाटते.

कॅमेऱ्याभोवती बंद पेटी हवीच. सोलापूरच्या उन्हात पत्र्याच्या शेडमधला उजेड सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तीन वेगळे रंग दाखवतो. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस तिन्ही हाताने लावून पक्के करा.

फळाचा मध्य १५० मिमीवर, म्हणजे ३०० पल्सवर आला की कंट्रोलर संगणकाला फळाचा क्रमांक पाठवतो आणि संगणक फोटो घेतो. यूएसबी वेबकॅममध्ये एक छुपी अडचण आहे. तो काही फ्रेम साठवून ठेवतो आणि मागितल्यावर जुनी फ्रेम देऊ शकतो. त्यामुळे फ्रेम सतत वाचत राहणारा वेगळा थ्रेड ठेवा आणि त्यातली सगळ्यात ताजी घ्या.

तपासा: फळांवर १ ते २० आकडे चिकटवून सोडा आणि साठवलेले फोटो उघडा. सातव्या क्रमांकाच्या फोटोत सातवंच फळ, जवळपास मध्यावर दिसलं पाहिजे.

## टप्पा ६: फोटो आणि मॉडेल

फोटो याच कॅमेऱ्याने, याच पेटीत, याच बेल्टवर काढा. शेतात मोबाइलने काढलेले फोटो इथे कामाचे नाहीत. प्रत्येक फळ चार वेळा, दर वेळी वेगळी बाजू वर ठेवून सोडा, आणि मुकुट वर आलेले फोटो मुद्दाम जास्त घ्या. मुकुटातली काळी सावली डाग समजली जाते, ही हमखास होणारी चूक आहे.

नाव देताना फोटोत जे दिसतं तेच लिहा. फळाच्या खालच्या बाजूला डाग असेल आणि या फोटोत साल स्वच्छ दिसत असेल, तर हा फोटो 'चांगलं' मध्येच जातो. त्याला 'डागी' म्हटलं तर स्वच्छ सालच डागी असते असं मॉडेल शिकतं. याचा दुसरा अर्थही मान्य करा: वरून बघणारा एक कॅमेरा खालची बाजू बघू शकत नाही. ती बघायची तर फळ फिरवणारे रोलर आणि एकाच फळाचे अनेक फोटो लागतात. तोपर्यंत या यंत्राला पहिली चाळणी समजा, पेटी भरणाऱ्या हातांनी शेवटची नजर टाकलीच पाहिजे.

चाचणीसाठी फोटो बाजूला काढताना सरसकट चिठ्ठ्या टाकू नका. एकाच फळाचे चार फोटो दोन्ही गटांत विखुरले, तर मॉडेल परीक्षेत ओळखीचंच फळ बघतं आणि गुण फुगतात. एक अख्खा लॉट, दुसऱ्या बागेतला, चाचणीसाठी राखून ठेवा. मृग बहाराच्या फळांवर शिकवलेलं मॉडेल आंबिया बहारात चालेलच असं धरू नका, सालीचा रंग बदलतो. नव्या बहारात आधी राखीव चाचणी घ्या, मगच यंत्र सुरू करा.

मोबाइलनेटसारखं छोटं मॉडेल पुरतं. कारण वेळेची मर्यादा ठरलेली आहे: फोटो ३०० पल्सवर, धक्का ११४० वर, मध्ये ८४० पल्स म्हणजे १.६८ सेकंद. तुमच्या यंत्रावर सलग हजार निकालांना लागलेला वेळ नोंदवा आणि त्यातला सगळ्यात जास्त आकडा बघा. तो एका सेकंदाच्या आत असावा. उन्हाळ्यात चाळीसच्या वर गेलेल्या शेडमध्ये पंखा नसलेला रास्पबेरी पाय तापून मंद होतो, तेव्हा ही मोजणी भर दुपारी करा.

## टप्पा ७: निकाल क्रमांकानेच जोडा

निकाल आला की तो रांगेतल्या पहिल्या फळाला लावायचा, ही पद्धत सोपी दिसते आणि तीच घात करते. एक निकाल हरवला की त्यापुढचं प्रत्येक फळ शेजाऱ्याचा निकाल घेऊन जातं, आणि दिवसभर तसंच चालतं. संगणकाने `17 R` किंवा `17 G` असं क्रमांकासकट उत्तर द्यावं आणि कंट्रोलरने तो क्रमांक शोधूनच नोंद करावी.

प्रत्येक फळाचा सुरुवातीचा निकाल `?` ठेवा. वरच्या कोडमध्ये `G` नसलेल्या प्रत्येक फळाला धक्का बसतो तो यासाठीच: निकाल आला नाही, उशिरा आला किंवा तार निघाली, तर फळ हाताने तपासायच्या क्रेटमध्ये जातं. मॉडेलची खात्री कमी असेल तेव्हाही `G` देऊ नका. खात्रीची मर्यादा ०.५ ठेवायची सवय सोडा आणि राखीव लॉटवर वेगवेगळ्या मर्यादा लावून बघा. पेटीत एक तडकलेलं फळ गेलं तर त्याच्या रसाने शेजारची फळंही खराब होतात. चांगलं फळ क्रेटमध्ये गेलं तर ते फक्त उचलून परत ठेवायचं असतं. त्या मानाने मर्यादा वर न्या, पण क्रेट इतकं भरू देऊ नका की तपासणारी बाई न बघताच ते ओतू लागेल.

## चुकलं तर कुठे बघायचं

प्रत्येक धक्का सारखाच उशिरा किंवा लवकर बसत असेल तर `D` किंवा `DELAY_MS` चुकलंय. मॉडेलला हात लावू नका. सकाळी बरोबर आणि दुपारी उशिरा असेल तर दाब, पाणी किंवा फ्लो कंट्रोल सैल झालाय. मोबाइलने पुन्हा मोजा. वेग बदलल्यावरच चुकत असेल तर `rate` नीट निघत नाही. नेहमी शेजारचंच फळ ढकललं जात असेल तर क्रमांकाची जोडणी तुटली आहे, किंवा कॅमेरा जुनी फ्रेम देतोय. अधूनमधून सगळंच विस्कटत असेल तर डायोड, आणि एन्कोडरची तार मोटरच्या तारेला खेटून गेली आहे का ते.

हे सगळं बरोबर असूनही डागी फळ सुटत असेल, तर त्या फळाचा साठवलेला फोटो उघडा. डाग तुमच्या डोळ्यांना दिसत असेल तर मॉडेलला तसे फोटो आणखी द्या. डोळ्यांनाही दिसत नसेल तर डाग खालच्या बाजूला आहे, किंवा उजेड परत टप्पा ५ पासून बघावा लागेल.